क्लिकरला लायसन्स नसतं. २७,९५० रुपये मोजून कळलं, तुम्ही फुकटात वाचा

स्लाइड पुढे-मागे करायच्या रिमोटला 'ॲन्युअल लायसन्स' लागतं असं कोणी सांगितलं, तर त्याला चहासुद्धा न पाजता बाहेर काढा. मी पाजला. वर चेकही दिला.

सांगलीत आम्हा दोघा भावांचे अकरावी-बारावीचे क्लासेस आहेत. आठ वर्गखोल्या, प्रत्येक खोलीत प्रोजेक्टर, आणि कॉम्प्युटर पोडियमच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद, कारण मुलं माउससुद्धा ठेवत नाहीत. या मनुष्याने आम्हाला ८ 'स्मार्ट टीचिंग रिमोट' विकले. एकाचे २,३५० म्हणजे १८,८०० रुपये. वर ८ लायसन्सचे ६०० प्रमाणे ४,८००, आणि पुढे रेंज पुरेना म्हणून ३ 'सिग्नल बूस्टर' १,४५० प्रमाणे ४,३५०. हाच रिमोट, बटणं तीच, फक्त वरचा स्टिकर वेगळा, ऑनलाइन ६४९ रुपयांना पडून आहे.

आता डेमोचं सांगतो, कारण ते आठवलं की अजून डोकं तापतं. त्याच्या लॅपटॉपवर स्लाइडच्या पुढ्यात नोटपॅडची खिडकी उघडी राहिली होती. त्याने रिमोटचं 'स्टार्ट' बटण दाबलं. स्लाइड शो सुरू झाला नाही, उलट नोटपॅडमध्ये आपोआप वेळ आणि तारीख उमटली. हा गडी एक सेकंदही अडखळला नाही. म्हणाला, "बघा सर, लायसन्सचा टाइम-स्टॅम्प पडला. प्रत्येक वापराची नोंद होते." आम्ही दोघांनी माना डोलावल्या!

अहो, नोटपॅडमध्ये F5 दाबलं की वेळ आणि तारीख छापली जाते. कोणत्याही कीबोर्डवरून, कोणत्याही विंडोजवर. आणि पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो सुरू करायची कळही F5 च. म्हणजे त्या बटणाने कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचलेल्या रिसीव्हरला 'F5' एवढंच सांगितलं आणि रिसीव्हरने ते कॉम्प्युटरला सांगितलं. पुढची स्लाइड म्हणजे Page Down, मागची म्हणजे Page Up, पडदा काळा करायचं बटण म्हणजे B किंवा पूर्णविराम. तो चिमुकला रिसीव्हर कॉम्प्युटरला स्वतःची ओळखच कीबोर्ड म्हणून करून देतो. कीबोर्डशी कसं बोलायचं हे प्रत्येक कॉम्प्युटरला आधीपासून ठाऊक असतं आणि स्लाइडच्या कळा पॉवरपॉइंटमध्ये आधीपासून आहेत, मग बनवणाऱ्याने वेगळं सॉफ्टवेअर कशाला लिहावं? म्हणून तर हा रिमोट पीडीएफवरही चालतो. त्याने पेनड्राइव्हमधून जे 'सॉफ्टवेअर' टाकलं ते कोपऱ्यात हिरवा चौकोन दाखवायचं, बाकी काही नाही.

मी फिजिक्स शिकवतो, कॉम्प्युटर नाही. समोरचा माणूस इस्त्रीच्या शर्टात, छापील कोटेशन घेऊन आलेला असताना नोटपॅडवर कोण संशय घेईल? तरी तुम्हाला सांगतो, लायसन्स म्हटलं की आधी रिसीव्हर दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, जिथे त्यांचं काहीही टाकलेलं नाही. स्लाइड हलली की विषय संपला. Device Manager उघडून Keyboards खाली बघा, रिसीव्हर लावला की HID Keyboard Device ची एक ओळ वाढते, काढला की जाते.

माणूस लबाड होता, पण अडाणी नव्हता. त्याचे उपाय खरे असायचे, कारणं तेवढी खोटी. एकदा भावाच्या तासाला अँटिव्हायरसची चौकट वर आली आणि स्लाइड जागची हलेना. फोन केला तर म्हणाला, "लायसन्स सिंक तुटलंय दादा, स्लाइडवर एकदा माउसने क्लिक करा, परत जोडलं जाईल." क्लिक केलं, चालू! कळ नेहमी जी खिडकी पुढे असेल तिच्याकडे जाते. चौकट पुढे आली की Page Down तिच्याकडे, स्लाइडवर क्लिक केलं की परत स्लाइडकडे. एवढंच. पण उपाय लागू पडतो म्हटल्यावर माणसाचा विश्वास बसतोच, तुमचाही बसला असता.

रेंजचंही तेच. खोक्यावर १०० मीटर लिहिलेलं, आणि त्याने व्हरांड्यात लांब जाऊन दाखवलंही. पण व्हरांडा मोकळा, रिसीव्हर समोर, मध्ये कोणी नाही. आमच्या तीन मोठ्या खोल्यांत चौथ्या बाकापर्यंत गेलं की बटण मेलेलं. हे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, वायफायच्याच पट्ट्यात, आणि अगदी कमी ताकदीने. लोखंडी कपाट ती लहर अडवतं. माणसाचं शरीर बहुतांशी पाणी, तेही ती शोषतं, म्हणून फळ्याकडे वळून पोटाशी धरलेला रिमोट आणखी कमजोर. त्यात रिसीव्हर कॉम्प्युटरच्या पाठीमागे, शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका याच पट्ट्यात सांडतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर लेख काढलाय.

त्याचा 'सिग्नल बूस्टर' आला आणि रिमोट शेवटच्या बाकावरून चालायला लागला. मी खूश. पुढे एकाचं प्लग सैल झालं म्हणून कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात नेलं. तिथला पोरगा हसायलाच लागला. "काका, ही यूएसबीची एक्स्टेन्शन वायर आहे. १४० रुपये." वायरमुळे रिसीव्हर कपाटाबाहेर, हार्ड डिस्कपासून दूर, पोडियमच्या वर आला, म्हणून रेंज वाढली. रिसीव्हर उघड्यावर आणा, वायर कुठलीही चालते. त्या पोरानेच लायसन्सचीही वाट लावली. हिरव्या चौकोनाशिवाय, त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, आमचा रिमोट धडधडीत चालला.

मग सुरू झाली वणवण. पोलीस चौकीत साहेबांनी रिमोट हातात घेऊन विचारलं, "चालतोय ना? मग फसवणूक कसली?" अहो, न लागणाऱ्या गोष्टीचे पैसे घेतले हीच फसवणूक! त्यांनी सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, चेक दिलाय, माणूस दारात आला होता, यात सायबर काय? परत चौकी. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी 'Cancelled', तीही आमच्या बिलाच्या आधीची. तरी त्याने कर म्हणून आमच्याकडून पैसे घेतलेलेच. कर कार्यालयात कागद घेऊन गेलो तर म्हणाले, अर्ज टाका, आवक नंबर घ्या, तुमच्या पैशांचं आम्ही सांगू शकत नाही. ग्राहक तक्रारीच्या फोनवर बाई गोड बोलल्या आणि 'व्यावसायिक वापरासाठी घेतलंय' म्हणून तक्रार बंद करून मोकळ्या झाल्या. २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. दोन भाऊ स्वतः खडू घेऊन उभे राहतात, हा स्वयंरोजगार नाही तर काय टाटांचा कारखाना? 'व्यावसायिक वापर' हे कारण लेखी द्या म्हटलं, तर 'सिस्टीममध्ये पर्याय नाही'. आता वकिलाची फी विचारली, ती ऐकून भाऊ म्हणाला, दुसरा स्मार्ट रिमोट घेऊया त्यापेक्षा.

तुम्ही घेतलेच असतील तर रिमोट फेकू नका, रिमोट चांगले आहेत. रिमोट आणि त्याचा रिसीव्हर दोन्हींवर एकच नंबर टाका. स्वस्तातल्या जोड्या एकमेकींत मिसळल्या की चालत नाहीत, आणि हरवलेला रिसीव्हर सुटा मिळत नाही. नूतनीकरणाचा फोन येईल. आम्हाला यंदा प्रत्येकी ७५० सांगितले, नाही भरले, आठही रिमोट चालू आहेत. आणि नवीन कोटेशन आलं तर खाली बारीक अक्षरात 'वार्षिक सेवा शुल्क, दरवर्षी आपोआप लागू' अशी ओळ असते. ती खोडून, त्यावर त्याची सही घेतल्याशिवाय चेकबुक काढू नका.