शंभर वर्षांची म्हणून घेतलेली पेटी

आमच्या भजनी मंडळाचे 42 हजार रुपये एक जुनी पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेण्यात गेले. पैसे गावाचे होते, कापूस विकून लोकांनी दिलेले, आणि पेटी पसंत करणारा मी होतो. जुनी पेटी घ्यायला निघालेल्या मंडळांनी हे वाचावं म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितो आहे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. मंडळाच्या पेटीचा भाता दोन पावसाळ्यांत पार गेला होता. तेवढ्यात तालुक्याच्या गावी एकाकडे जुनी पेटी विकायला असल्याचं कळलं. दिवाळीनंतर आम्ही तिघं गेलो. त्यानं पेटीवरची चादर काढली आणि म्हणाला, "गुरुजी, शंभर वर्साची हाय. मालगुजाराच्या वाड्यातली. सूर पॅरिसचे हायेत. पन्नास-पंचावन सालात नागपूर रेडिओवर वाजली हे."

सूर म्हणजे पेटीच्या आत हवेनं वाजणारी पितळी पाती. पेटी दिसायला देखणी होती. अस्सल सागवान, गडद तपकिरी पॉलिश, पिवळ्या पडलेल्या पट्ट्या. झाकणाच्या आत कागदाची जुनी चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर मुंबईच्या एका पेटीवाल्याचं नाव आणि इंग्रजीत 'स्थापना 1911'. मी मधल्या सप्तकात दोन अभंग वाजवून पाहिले. सूर गोड, भरदार लागला. आम्ही घासाघीस केली, पण आत उघडून पाहिलं नाही.

महिनाभरात वरच्या सप्तकातले दोन सूर बसले. म्हणून पेटी वर्ध्याला नेली. तिथले कारागीर काका चाळीस वर्षं हेच काम करतात. शंभर वर्षांची आहे असं मी सांगितलं, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. चष्मा लावून त्यांनी स्क्रू काढायला घेतले. मग म्हणाले, "गुरुजी, पेटीचं वय पाहाचं असन तं तिचं पोट उघडून पाहा लागते. वरून सगळ्याच म्हाताऱ्या दिसतात."

सुरुवात त्यांनी चिठ्ठीपासून केली. 'स्थापना 1911' हे दुकान सुरू झाल्याचं साल आहे, पेटी बनल्याचं नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. चिठ्ठीची खालची ओळ गडद पॉलिशनं झाकलेली होती. काकांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हलक्या हातानं फिरवला, तसं पॉलिश निघालं आणि पत्ता दिसला. त्याच्या शेवटी छापलं होतं 'बॉम्बे 400 004'. पिनकोड आपल्याकडे 15 ऑगस्ट 1972 ला आला. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात नुसतं 'बॉम्बे 4' असं लिहीत. म्हणजे ही चिठ्ठी 1972 च्या आधी छापलेली असूच शकत नाही.

मी म्हटलं, "काका, झाकण नंतर बदललं असेल तर?" त्यांना हा प्रश्न आवडला. बिजागरीचे स्क्रू काढून त्यांनी मला भोकं दाखवली. झाकण दुसऱ्या पेटीचं असतं, तर जुनी भोकं बुजवून शेजारी नवी पाडलेली दिसली असती. इथं एका स्क्रूला एकच भोक होतं आणि त्याच्या कडेचं लाकूड लोखंडानं काळं पडलं होतं. म्हणजे बिजागरी पहिल्यापासून तिथंच होती.

मग कोपऱ्याचे सांधे पाहिले. जुने कारागीर सरस वापरत, जनावराच्या कातड्याचा. फेव्हिकॉल बाजारात आलं 1959 मध्ये. काकांनी ओलं फडकं एका सांध्यावर दहा मिनिटं दाबून ठेवलं. सरस असता तर चिकट झाला असता आणि त्याचा वास आला असता. इथं सांध्याच्या फटीत पांढरट, रबरासारखा पदार्थ फुगून वर आला. "पण नुसतं फेव्हिकॉल दिसलं म्हणून पेटी नवी म्हणाची नाही," त्यांनी मला बजावलं. दुरुस्तीत कुणीही फेव्हिकॉल लावतं, आणि तेव्हा जुन्या सरसावर त्याचा दुसरा थर बसलेला दिसतो. इथं चारही कोपऱ्यांत एकच थर होता आणि खाली सरसाचा मागमूस नव्हता. पेटी जोडली तेव्हाच फेव्हिकॉलनं जोडली होती.

सर्वात वाईट वाटलं ते सूर पाहताना. पेटी 37 पट्ट्यांची, दोन ओळींची, म्हणजे 74 सूर. सुरांची फळी उलटी केली तर मधले 11 सूर खरोखर जुने, पितळ तपकिरी पडलेलं. बाकीचे पुष्कळ अलीकडचे, त्यांच्यावर काहीतरी चोळून काळपटपणा आणलेला. काकांनी जुन्यांपैकी एक सूर सोडवून बॅटरीचा उजेड तिरपा धरला. सुराच्या पट्टीखाली लाकूड झाकलेलं राहतं, तिथं धूळ आणि हवा पोचत नाही, म्हणून पट्टीच्या मापाची उजळ खूण उमटते. इथं उजळ खूण लांब होती आणि सुराची पट्टी तिच्याहून अर्ध्या बोटानं आखूड. खुणेच्या टोकाला दोन जुनी भोकं आगपेटीच्या काड्या ठोकून मेणानं बुजवलेली. काका म्हणाले, "हे सूर या पेटीचे नाहीत. दुसऱ्या मेलेल्या पेटीतून काढून इथं बसवले. कुठं बसवले पाहा. गिऱ्हाईक वाजवून पाहते त्याच सप्तकात."

ते 11 सूर पॅरिसचे असतीलही. पण पेटीचं वय तिच्यातल्या सर्वात जुन्या वस्तूवरून काढता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. सागवानाचंही तेच. आपल्या भागात पडलेल्या वाड्यांच्या चौकटी, तुळया सुतार विकत घेतात. तेच लाकूड कापून कालपरवा पेटी केली, तरी लाकूड शंभर वर्षांचं राहतंच. पाहायचं ते उलट्या बाजूनं: पेटी बनली तेव्हापासूनच तिच्यात असलेली सर्वात नवी वस्तू कोणती. ती दुरुस्तीत आलेली नाही याची खात्री पटली, की पेटी तिच्या आधीची नाही हे पक्कं. आमच्या पेटीत ती वस्तू म्हणजे पिनकोडाची चिठ्ठी. ही पेटी 1972 नंतर नक्की कोणत्या साली बनली, हे मात्र काकांनाही सांगता आलं नाही, आणि त्यांनी उगाच साल ठोकून दिलं नाही.

रेडिओची गोष्टही घरी येऊन तपासली. आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी होती. पन्नास-पंचावन सालात कुठलीच पेटी नागपूर रेडिओवर वाजणं शक्य नव्हतं. हे मला तिथंच आठवलं असतं, तर मी चादर पुन्हा टाकायला सांगून निघालो असतो.

विकणाऱ्याकडे परत गेलो. पावती नव्हती, 'शंभर वर्षांची' असं कागदावर कुठं नव्हतं. तो म्हणाला, "तुमी वाजवून पाहूनच नेली ना?" पैसे मिळाले नाहीत. काकांनी पेटीची खरी किंमत पंधरा-सोळा हजार धरली.

त्यानंतर शेजारच्या गावच्या मंडळासोबत एक पेटी पाहायला गेलो, तेव्हा स्क्रूड्रायव्हर, बॅटरी आणि ओलं फडकं पिशवीत घेऊन गेलो. सौदा बोलण्याआधी म्हटलं, "मधला एक सूर काढून पाहू द्या, पुन्हा होता तसा बसवून देतो." मालकानं नकार दिला. आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

आमची पेटी मंडळात आहे. काकांनी वरचे दोन सूर नवे बसवून दिले आणि झाकणाच्या आत पेन्सिलीनं तारीख टाकली, काय बदललं तेही लिहिलं.