रिव्हर्स मॉर्टगेज: वर्षभराचा अनुभव, आणि मुलांना शेवटी काय मिळणार

मी 72 वर्षांचा, पत्नी 68. डोंबिवलीतला फ्लॅट आमच्या नावावर आहे, पण माझी पेन्शन तुटपुंजी. म्हणून तो बँकेकडे गहाण ठेवून आम्ही दोघांनी मिळून रिव्हर्स मॉर्टगेज घेतलं. वर्ष होत आलं. दरमहा ठरल्या तारखेला पैसे जमा होतात. ते कर्ज असल्यामुळे उत्पन्नात धरत नाहीत, कर लागत नाही. घर आमच्याच नावावर, राहतोही आम्हीच. मालमत्ता कर, विमा आणि सोसायटीचा मेंटेनन्स मात्र आम्हीच भरायचा.

गणित नीट समजून घ्या. फ्लॅटची किंमत बँकेने 80 लाख धरली आणि त्याच्या 60 टक्के, म्हणजे 48 लाख, ही मर्यादा ठरवली. पण हे 48 लाख हातात येत नाहीत, त्यात व्याजही धरलेलं असतं. 10 टक्के दराने आणि 15 वर्षांच्या मुदतीने आम्हाला महिन्याला साधारण 11,500 मिळतात. पंधरा वर्षांत हातात येतील जेमतेम 21 लाख, बाकीचे 27 लाख व्याजाचे. सध्या व्याज किरकोळ दिसतं, कारण मुद्दलच लहान आहे. पुढे व्याजावर व्याज चढत जातं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते पंधरा वर्षांनंतरचं. पैसे येणं थांबतं. घर सोडावं लागत नाही, दोघांपैकी शेवटचा माणूस असेपर्यंत राहता येतं, पण व्याज चालूच राहतं. त्यानंतर आणखी पाच वर्षं जगलो तर हेच 48 लाख 79 लाखांच्या घरात जातील. शंभरी गाठायच्या गोष्टी करणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

मुलांना मी कागदावर मांडून दाखवलं. आम्ही दोघंही आठ वर्षांत गेलो, तर देणं सुमारे 17 लाख. ते फेडून घर ठेवायचा पहिला हक्क वारसांचा. मुलगा स्वतःच्या पैशांतून किंवा गृहकर्ज काढून ते फेडू शकतो. कुणी फेडलं नाही तर बँक घर विकते, आपलं देणं आणि खर्च वळते करून घेते आणि उरलेले पैसे वारसांना देते. विक्रीवरचा भांडवली नफा कर त्यांना भरावा लागू शकतो, हे विसरू नका. उलट घराची किंमत देण्यापेक्षा कमी भरली, तरी फरक मुलांकडून वसूल होत नाही. मुलीला याच गोष्टीची धास्ती होती.

दोन अटी जाचक आहेत. घर एक वर्ष सलग बंद राहिलं तर कर्ज लगेच परत मागता येतं, त्यामुळे मुलाकडे परदेशी जाऊन लांबलचक राहणं आम्ही टाळतो. आणि इमारत जुनी असेल तर अर्ज तिथेच अडतो, कारण तिचं उरलेलं आयुष्य किमान 20 वर्षं लागतं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबाचा अर्ज यावरूनच परत आला.

हातात जास्त रक्कम हवी असेल, तर घर विकून लहान घरात जाण्याचा हिशेब आधी करा. आम्हाला इथून हलायचं नव्हतं, म्हणून हे घेतलं. खात्याचं वार्षिक स्टेटमेंट आणि मृत्युपत्राची प्रत मुलगा-मुलगी दोघांकडेही दिली आहे, म्हणजे देणं किती झालंय हे त्यांना बँकेत जाऊन विचारावं लागणार नाही.