सात महिने वापरलेली घडीची शिडी आणि तुळईवरची कप्पी

आमचं घर जुन्या वाड्यातलं. तुळया जमिनीपासून १२ फुटांवर, रस्त्याकडच्या दोन खिडक्या ८ फूट उंच. टेबलावर स्टूल ठेवून तोरणं बांधायची जुनी सवय मोडायची म्हणून गणपतीच्या आधी अ‍ॅल्युमिनियमची घडीची शिडी घेतली. उभं राहायची फळी ६ फुटांवर आणि तिच्यावर कमरेपर्यंत धरायची दांडी. माझी उंची ५ फूट ४ इंच, त्यामुळे फळीवर उभी राहिले की तुळई सहज हाताशी येते. दांडी नसलेली साधी शिडी घेणार असाल, तर वरच्या दोन पायऱ्या उंचीत धरूच नका, त्या उभं राहायच्या नसतात.

शिडी चांगली आहे, पण आमची फरशी शहाबादी, खाली-वर. पहिल्याच दिवशी एक पाय अधांतरी राहिला. खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, ती घसरली. आता चारही पाय टेकतील अशी जागा शोधते, पहिल्या पायरीवर उभी राहून अंग हलवून पाहते आणि मगच वर जाते. पाचव्या महिन्यात एक रबरी बूट झिजून आतला धातू दिसू लागला. तो बदलेपर्यंत शिडी वापरली नाही.

खरा धडा दिवाळीत मिळाला. खिडकीवर माळ लावताना शेवटची वीतभर जागा राहिली म्हणून मी बाजूला झुकले. झुकले त्याच्या उलट बाजूचे पाय उचलले गेले. भाचा शिडी धरून होता, त्याने वजन टाकून ती दाबली. तेव्हापासून बेंबी शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या मध्येच ठेवते. हात पुरत नसेल तर खाली उतरते, शिडी सरकवते. भाच्याचं काम नुसतं धरायचं नाही. पंख्याचं आणि माळेचं बटण बंद करून तो त्यांवर चिकटपट्टी लावतो, दाराला आतून कडी घालतो आणि सामान पिशवीत घालून दोरीने वर देतो. माझ्या बरोबर खाली मात्र उभा राहत नाही, पक्कड निसटली तर डोक्यात पडेल.

सगळ्यात उपयोगी पडली ती कप्पी. सागवानी तुळईत आधी हुकाच्या आट्यांपेक्षा बारीक भोक पाडलं, मग हूक आटे पूर्ण आत जाईपर्यंत पिळला. सरळ ठोकला असता तर लाकूड तडकलं असतं. त्याला छोटी कप्पी अडकवून दोरी भिंतीवरच्या खुंटीला आणली. आधी कंदिलाच्या चौपट वजनाची वाळूची पिशवी रात्रभर टांगून ठेवली. सकाळी हूक जागचा हलला नव्हता. आता आकाशकंदील जमिनीवर उभं राहूनच वर चढतो, पूर्वी अंगणातल्या काठीवर चढायचा तसा.

स्लॅबच्या घरात ड्रिलने भोक पाडून गिट्टी बसवावी लागेल. ती नुसत्या प्लास्टरमध्ये राहिली तर वजनाने पोपड्यासकट खाली येते. ड्रिल आत जाताना हाताला एकदम कठीण लागलं, की काँक्रीट आलं समजावं. गिट्टी तिथून पुढे बसायला हवी.