जेलमधून व्हीसी की कोर्टात हजेरी? कोणत्या तारखेला काय मागायचं

पोरगा नाशिकरोड जेलमध्ये आणि खटला नंदुरबारच्या सत्र न्यायालयात, असं झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हीसीवर, म्हणजे जेलमधूनच व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं भागेल की प्रत्यक्ष आणायला लावायचं? याचं उत्तर तारखेगणिक बदलतं.

पोलीस कोठडीत निवड करायचा प्रश्नच येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 नुसार पहिल्यांदा आणि त्यानंतर पोलीस कोठडी चालू असेपर्यंत दरवेळी आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे प्रत्यक्षच उभं करावं लागतं. कारण सरळ आहे. अंगावरचे वळ, लंगडणं किंवा सुजलेला हात समोर उभ्या माणसात दिसतो. कॅमेऱ्यात छातीपासून वरचाच भाग येतो, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची तेच शेजारी उभे असतात.

एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी वाढवायची तारीख मात्र व्हीसीवर चालते, आणि माझ्या मते बहुतेक वेळा ती तशीच होऊ द्यावी. जेलमधून कोर्टात घेऊन येणारी पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून आरोपी आलाच नाही आणि तारीख वाया गेली, यापेक्षा पडद्यावर हजेरी लागलेली बरी. फक्त हजेरी खरी हवी. तपासाची मुदत वाढवण्याच्या अर्जावर सुनावणी होताना आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हीसीवरही हजर ठेवलं नव्हतं, अशा गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये त्याच्या हक्काचा भंग झाल्याचं ठरवलं. मकोकासारख्या कायद्यात हे फार महत्त्वाचं, कारण मुदत वाढली की दोषारोपपत्र वेळेत न आल्यामुळे मिळणारा जामीन लांबतो.

जामिनाच्या सुनावणीत आपल्याकडे बोलतो वकील, त्यामुळे फरक कमी पडतो. तरी पडद्याचा परिणाम अगदीच नसतो असं नाही. अमेरिकेत शिकागोच्या कुक काउंटीत 1999 पासून जामिनाची सुनावणी कॅमेऱ्यावर होऊ लागली, आणि अभ्यासकांनी हिशोब मांडला तेव्हा अशा प्रकरणांत जामिनाची सरासरी रक्कम 51 टक्क्यांनी वाढलेली दिसली.

खरी मेख आहे साक्षीपुराव्यात. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या 2003 च्या निकालापासून व्हीसीवरची साक्ष ग्राह्य आहे, आणि आता याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 308 मध्ये शासनानं अधिसूचित केलेल्या ठिकाणाहून साक्ष देण्याची सोय आहे. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. पण प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

समजा, आरोपी धडगावकडचा, घरात पावरी बोलणारा, आणि गुन्हा रात्रीच्या मारहाणीचा आहे. साक्षीदार कोर्टात सांगतो की बॅटरीच्या उजेडात त्याला ओट्यावरून ओळखलं. त्या ओट्यापुढे महूचं झाड आहे, तिथून काही दिसत नाही, हे फक्त आरोपीला माहीत. तो कोर्टात असता तर पिंजऱ्यातून खूण करून वकिलाला जवळ बोलावता आणि कानात सांगता. जेलच्या खोलीतून बोलला तर ते सरकारी वकिलासकट सगळ्यांना ऐकू जाणार, शिवाय शेजारी जेलचा शिपाई. म्हणून तो गप्प बसतो आणि उलटतपास तेवढ्यावरच संपतो. कलम 314 नुसार साक्ष त्याला समजेल त्या भाषेत सांगायला हवी, पण दुभाषी कोर्टात आणि आवाज तुटक, मग त्याला कळलं की नाही हे ठरवणार कोण?

म्हणून फिर्यादी, प्रत्यक्षदर्शी आणि पंच यांच्या साक्षीला आरोपी कोर्टातच हवा. तसा अर्ज निदान आधीच्या तारखेला द्यावा, म्हणजे पार्टीची व्यवस्था व्हायला वेळ मिळतो. अर्जात नुसतं ‘न्यायाच्या दृष्टीने’ लिहू नका. कोणता साक्षीदार, कोणत्या मुद्द्यावर आरोपीकडून सूचना लागतील आणि कोणती भाषा, हे लिहा. अर्ज नामंजूर झाला तर उलटतपासापूर्वी थोडी विश्रांती आणि वकील-आरोपी स्वतंत्र कॉल मागा. लाइन तुटली तर साक्ष तिथंच थांबवायला सांगा आणि वेळेसह रोजनाम्यात नोंद घ्यायला लावा. पुढे अपिलात तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही.

उलट, बदली होऊन लांब गेलेले डॉक्टर किंवा प्रयोगशाळेचे तज्ज्ञ व्हीसीवर आले तर आरोपीचाच फायदा, कारण त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने जातात. अट एकच: इजेचे मूळ कागद त्यांच्यापुढे असावेत. आणि ‘या कुऱ्हाडीनं अशी जखम होईल का’ हा प्रश्न यायचा असेल तर मुद्देमाल कोर्टात आणि डॉक्टर पडद्यावर, हे जमत नाही. कुऱ्हाडीचं पातं किती रुंद, धार बोथट की ताजी, हे कॅमेऱ्यात नीट कळत नाही. तेवढ्यासाठी डॉक्टरांना प्रत्यक्ष बोलवा.

शेवटी आरोपीचा जबाब. तो जेलमधून व्हीसीवर घेतला तर कलम 316 प्रमाणे 72 तासांत त्याची सही घ्यावी लागते. सही करण्यापूर्वी लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवलं का, हे मुलाखतीला जाल तेव्हा त्याला विचारा.