चढावरचा ट्रेडमिल आणि सपाट रस्ता: वेगाचे रूपांतर कोणत्या रीतीने करावे?

बाहेर सपाट रस्त्यावर प्रति किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या पेसने, म्हणजे ताशी सुमारे १०.९ किलोमीटर वेगाने, नियमित सराव करणारा एक धावपटू आहे असे समजू. हा वेग त्याला वीस-तीस मिनिटे टिकवता येतो आणि त्याच्यासाठी तो बऱ्यापैकी कष्टाचा आहे. आता त्याला तेवढेच कष्ट ट्रेडमिलवर ४ टक्के चढ लावून घ्यायचे आहेत. पट्ट्याचा वेग किती ठेवावा, या प्रश्नाला प्रचलित असलेल्या तीन रीती तीन वेगळी उत्तरे देतात: ताशी ९.६, ९.२ आणि ८.८ किलोमीटर. फरक किरकोळ भासतो, परंतु सपाट रस्त्याच्या हिशेबात पाहिले तर दोन टोकांमधले अंतर प्रति किलोमीटर जवळपास अर्ध्या मिनिटाचे आहे, आणि एवढ्या फरकाने कष्टाचा सराव एकतर सौम्य होतो किंवा अर्ध्यावर सोडावा लागतो. म्हणूनच रीत निवडण्यापूर्वी ती कोणत्या गृहीतावर उभी आहे हे जाणून घेणे आवश्यक आहे.

यांतली मधली रीत अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेच्या समीकरणावरून येते. त्या समीकरणानुसार सपाटीवर धावताना दर मीटरमागे शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅमला ०.२ मिलिलीटर ऑक्सिजन लागतो, तर एक मीटर उंची चढण्यासाठी ०.९ मिलिलीटर. या दोन आकड्यांचे गुणोत्तर साडेचार येते. म्हणून १ टक्का चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना एक मीटर वर जाणे, हा कष्टांच्या दृष्टीने वेग साडेचार टक्क्यांनी वाढवण्यासारखा असतो. सूत्र असे होते:

```
सपाटीचा वेग = पट्ट्याचा वेग × (१ + ०.०४५ × चढाची टक्केवारी)
```

४ टक्के चढासाठी कंसातली किंमत १.१८ येते, आणि १०.९ ला १.१८ ने भागले की ९.२ मिळतात. हे समीकरण साधारण ताशी ८ किलोमीटरच्या वर, खरोखर धावत असतानाच वापरायचे असते, ही अट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरी रीत हेच सूत्र वापरते, मात्र त्याआधी चढातून १ टक्का वजा करते. ट्रेडमिलवर धावणारा जागच्या जागी असल्यामुळे त्याला हवा कापावी लागत नाही, आणि त्याची भरपाई म्हणून पट्टा १ टक्का उचलून ठेवावा, हा सल्ला जवळजवळ प्रत्येक धावपटूने ऐकलेला असतो. त्यामागे अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डौस्ट यांचा १९९६ सालचा अभ्यास आहे. त्यांनी सराव असलेल्या नऊ पुरुष धावपटूंचा ऑक्सिजन वापर ताशी साधारण १०.५ ते १८ किलोमीटर या वेगांवर मोजला होता. सल्ला देताना त्या अभ्यासातली एक बाब मात्र बहुधा गाळली जाते: सर्वांत कमी दोन वेगांवर, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटरपर्यंत, सपाट ट्रेडमिल आणि रस्ता यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसलाच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने हे स्वाभाविकच आहे.

इथे माझे मत स्पष्ट आहे. ज्याचा बाहेरचा वेग ताशी १२ किलोमीटरपेक्षा कमी आहे, त्याने ही वजाबाकी करू नये. तसेच कोणता वेग पाहायचा याविषयी गल्लत होऊ देऊ नये. हवा बाहेर कापली जाते, त्यामुळे निकष बाहेरच्या वेगाचा आहे. पट्ट्यावर दिसणाऱ्या वेगाचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्या धावपटूचा बाहेरचा वेग १०.९ आहे, म्हणून त्याने ९.६ हे उत्तर बाजूला ठेवावे. याउलट प्रति किलोमीटर चार मिनिटांनी, म्हणजे ताशी १५ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या व्यक्तीने ४ टक्के चढावर १३.२ हा वेग घ्यावा. वजाबाकी न केल्यास तिचे उत्तर १२.७ येईल आणि सराव अपेक्षेपेक्षा सौम्य होईल.

तिसरी रीत अल्बेर्तो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवर आधारलेली आहे. त्यांनी डोंगरी शर्यतींतल्या दहा निष्णात धावपटूंना ट्रेडमिलवर तीव्र उतारापासून तीव्र चढापर्यंत धाववले, आणि दर मीटरमागे खर्च होणाऱ्या ऊर्जेचा आलेख मांडला. हा आलेख सरळ रेषेत न जाता चढ वाढेल तसा वर वळत जातो. ४ टक्क्यांवर त्यातून १.२४ हा गुणक मिळतो, ५ टक्क्यांवर १.३०, आणि १० टक्क्यांवर १.६६, जिथे पहिले सूत्र केवळ १.४५ देते. आपल्या धावपटूसाठी तिन्ही रीतींचे ताशी किलोमीटरमधले वेग एकत्र मांडले तर फरक कुठे वाढतो हे दिसते:

| चढ | १ टक्का वजा करून | सरळ सूत्र | मिनेट्टी |
|---|---|---|---|
| २ टक्के | १०.४ | १०.० | ९.८ |
| ४ टक्के | ९.६ | ९.२ | ८.८ |
| ६ टक्के | ८.९ | ८.६ | ८.० |

२ टक्क्यांवर सरळ सूत्र आणि मिनेट्टी यांच्यातला फरक इतका लहान आहे की यंत्राची चूकही त्याहून मोठी असू शकते. ६ टक्क्यांवर मात्र तो ताशी ०.६ किलोमीटरचा होतो. म्हणून ३ टक्क्यांपर्यंत सरळ सूत्र निःशंकपणे वापरावे, ४ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान सरळ सूत्र आणि मिनेट्टी या दोन उत्तरांना वरची व खालची मर्यादा मानावे, आणि त्या मर्यादांमध्ये आपले स्वतःचे उत्तर शोधावे, असे मी सुचवेन. ते शोधण्याचे साधन म्हणजे हृदयाचे ठोके.

समजा, बाहेर साडेपाच मिनिटांच्या पेसने दहा मिनिटे धावल्यावर शेवटच्या चार मिनिटांत ठोक्यांची सरासरी १६२ येते. दुसऱ्या दिवशी, तेवढाच वॉर्म-अप करून, ४ टक्के चढावर आधी ८.८ आणि मग ९.२ या वेगांनी प्रत्येकी दहा मिनिटे धावावे व प्रत्येक टप्प्याची शेवटची चार मिनिटे नोंदवावी. ती सरासरी १५५ आणि १६५ आली, तर १६२ हा आकडा या अंतराच्या दहांपैकी सात भागांवर पडतो, म्हणजेच वेग सुमारे ९.१ येतो. हे उत्तर त्या व्यक्तीच्या शरीरातून आलेले असल्याने, निष्णात डोंगरी धावपटूंच्या सरासरीपेक्षा मी त्यावर अधिक विश्वास ठेवेन.

या चाचणीला फसवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उष्णता. बंद खोलीत अंगावर वारा येत नाही, घाम वाळत नाही, आणि वेग तोच असताना ठोके मिनिटागणिक चढत जातात. समोर मोठा पंखा नसेल, तर दुसऱ्या टप्प्यातले ठोके प्रत्यक्ष कष्टांपेक्षा अधिक दिसतील आणि निघालेला वेग अकारण कमी येईल. तपासणी सोपी आहे: दोन्ही टप्पे झाल्यावर पुन्हा ८.८ वर पाच-सहा मिनिटे धावून पाहावे. ठोके १५५ च्या आसपास परत आले नाहीत आणि १६० वरच रेंगाळले, तर ती चाचणी मोजू नये.

कोणतीही रीत निवडली तरी यंत्र दाखवते तोच वेग आणि तोच चढ प्रत्यक्षात आहे, हे गृहीत धरलेले असते, आणि ते पुष्कळदा खरे नसते. पट्ट्याच्या कडेला रंगीत टेप लावावी, पट्ट्याची पूर्ण लांबी मोजावी आणि एक जण धावत असताना दुसऱ्याने मिनिटभर फेऱ्या मोजाव्यात. रिकामा पट्टा मोजून उपयोग नाही, कारण जुन्या यंत्राचा पट्टा प्रत्येक पाऊल पडताना अडखळतो. ३.२ मीटर लांबीच्या पट्ट्याने ताशी १० किलोमीटर वेगाला मिनिटात ५२ फेऱ्या पूर्ण करायला हव्यात. त्या ५० च भरल्या, तर खरा वेग ९.६ आहे. वर ज्या ताशी ०.४ किलोमीटरच्या फरकावर आपण रीतींची निवड करत होतो, तेवढीच ही चूक आहे.

चढ मोबाइलच्या कोनमापकाने पाहता येतो. मात्र तो अंश दाखवतो आणि ४ टक्के म्हणजे केवळ २.३ अंश. पडद्यावर ४ अंश दिसत असतील, तर चढ ७ टक्के झालेला आहे. काही यंत्रांवर चढाच्या जागी नुसते पातळीचे क्रमांक असतात. अशा यंत्रावर ही मोजणी केल्याशिवाय कोणतेही सूत्र लावता येणार नाही.

समतुल्यता ऊर्जेची आहे, स्नायूंची नाही, हेही निवडताना ध्यानात असावे. चढावर पोटऱ्या आणि टाचेमागचा अकिलीस टेंडन अधिक ताणले जातात, पाऊल आखूड होते आणि जमिनीवर आदळण्याचा धक्का कमी होतो. गुडघ्यांना आराम हवा असलेल्यासाठी ही सोय आहे. सपाट शर्यतीची तयारी करणाऱ्याने मात्र आठवड्यातला एखादाच सराव असा बदलावा आणि उरलेले सपाटीवर ठेवावेत, कारण त्या पेसची पायांची चाल चढावर घडत नाही.

६ टक्क्यांच्या वर पेसचे रूपांतर सोडून द्यावे असे मला वाटते. १० टक्क्यांवर आपल्या धावपटूला एक सूत्र ताशी ७.५ आणि दुसरे ६.६ किलोमीटर सांगते. हे दोन्ही वेग ज्या टप्प्यात काही जण धावतात आणि काही जण चालतात त्या टप्प्यातले आहेत, आणि धावण्याचे समीकरण तिथे लागूच नाही. चालण्याचे समीकरण वेगळे आहे: सपाटीवर दर मीटरमागे ०.१ मिलिलीटर आणि उंचीच्या प्रत्येक मीटरमागे १.८ मिलिलीटर, म्हणजे धावण्याच्या दुप्पट. धावताना शरीर प्रत्येक पावलागणिक तसेही वर उचलले जात असते, त्यामुळे चढाचा थोडा भाग त्यातच सामावतो. चालताना ती सवलत मिळत नाही.

म्हणून तीव्र चढावर चालणे हा निराळा आणि चांगला पर्याय ठरतो. १५ टक्के चढावर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालल्यास या समीकरणानुसार, विश्रांतीत लागणारे ३.५ मिलिलीटर धरून, ऑक्सिजनची गरज दर मिनिटाला प्रति किलोग्रॅम सुमारे ३४ मिलिलीटर येते. सपाटीवर ताशी सव्वानऊ किलोमीटर वेगाने, म्हणजे जवळपास साडेसहा मिनिटांच्या पेसने, धावण्याला तेवढीच लागते. पण हे सारे दोन्ही हात मोकळे सोडून चालणाऱ्यासाठी आहे. पुढचा दांडा धरून मागे रेललेल्या व्यक्तीचे शरीर पट्ट्याशी काटकोन करून उभे राहते, वजनाचा काही भार हातांवर जातो, आणि १५ टक्क्यांचा आकडा नुसता पडद्यावर उरतो. दांडा सोडल्यावर तोच वेग दोन मिनिटेही निभत नसेल, तर चढ ८ किंवा १० टक्क्यांवर आणून हिशेब तिथून नव्याने मांडावा.