मायलोब्लास्ट की लिम्फोब्लास्ट? आधी मज्जेचा कण पाहा, मग काडी शोधा

अस्थिमज्जेच्या स्मिअरचं चित्र उघडलं की नजर मोठ्या जांभळ्या पेशींकडे धावते. तिला जरा आवरा. आधी १०च्या लेन्सचं चित्र घ्या आणि मज्जेचा कण शोधा. त्यात चरबीच्या रिकाम्या जागा किती आणि पेशींनी व्यापलेली जागा किती, त्यावरून सेल्युलॅरिटीचा अंदाज येतो. ढोबळ हिशेब असा: १०० वजा वय, तेवढे टक्के पेशी अपेक्षित. कणच नसेल तर आकडा देऊ नका, नमुन्यात रक्त मिसळलेलं असू शकतं. पक्का आकडा ट्रेफाइन बायोप्सीच देते.

समजा, रुग्ण ६० वर्षांचा आहे. ४० टक्के अपेक्षित असताना कण ९० टक्के भरलेला दिसतो. ऑइल इमर्शनखाली ५०० पेशी मोजल्या, त्यात ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व रक्तपेशी, निघाल्या २१०, म्हणजे ४२ टक्के. २० टक्क्यांच्या वर असल्याने तीव्र ल्युकेमिया धरूनच चालायचं. पण कुठला?

मायलोब्लास्ट सहसा मोठा असतो. क्रोमॅटिन बारीक, न्यूक्लिओलाय दोन-तीन आणि ठळक, सायटोप्लाझम थोडं जास्त, त्यात कधी मोजके ग्रॅन्यूल. लिम्फोब्लास्ट अनेकदा लहान असतो: सायटोप्लाझम नावापुरतं, क्रोमॅटिन काहीसं घट्ट, न्यूक्लिओलाय अस्पष्ट. वाचायला फरक सोपा वाटतो, पण चित्रात दोघं सर्रास एकमेकांसारखे दिसतात. निव्वळ आकारावर बेतलेला निर्णय मी तरी मान्य करत नाही.

म्हणून काडी. आऊअर रॉड म्हणजे अझुरोफिलिक ग्रॅन्यूल एकत्र येऊन बनलेली, सायटोप्लाझममधली गुलाबी-लाल बारीक सुई. ती खरी असेल तर पेशी मायलॉइड वंशाची आणि लिम्फोब्लास्टचा पर्याय मागे पडतो. ती दिसली नाही, तर मात्र काहीच ठरत नाही. ल्युकेमिया मायलॉइड असूनही अनेक रुग्णांत ती सापडत नाही.

चकवा देतो तो रंगाचा गाळ. तो पेशीच्या वर बसतो, पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतही दिसतो आणि फोकस हलवला की पेशीच्या आधी किंवा नंतर स्पष्ट होतो. पण स्थिर चित्रात फोकस हलवता येत नाही. अशा वेळी एका काडीवर विसंबू नका, दुसऱ्या पेशीत तशीच काडी शोधा. आपल्या उदाहरणात तीन ब्लास्टमध्ये ती सापडली आणि आजूबाजूला गाळ नव्हता. म्हणजे कल मायलोब्लास्टकडे. तरीही फ्लो सायटोमेट्री आणि जनुकीय तपासणी हवीच.

एक अपवाद लक्षात असू द्या. ग्रॅन्यूलनी खच्चून भरलेल्या पेशीत काड्यांची मोळीच दिसली, तर ती बहुधा असामान्य प्रोमायलोसाइट असते. ग्रॅन्यूल आहेत म्हणून तिला ब्लास्टच्या मोजणीतून वगळू नका. आणि अहवाल टंकायच्या आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, कारण या प्रकारात, म्हणजे अक्यूट प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियात, जीवघेणा रक्तस्राव कधीही सुरू होऊ शकतो.