शाडू, लाल माती की कागदी लगदा? बैठकीच्या कोपऱ्यातल्या गणपतीसाठी निवड

फ्लॅटमधल्या बैठकीचा एक कोपरा, साधारण चार फूट रुंद, एका बाजूला खिडकी. तिथे बारा इंचांची मूर्ती बसवायची, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार आणि विसर्जन घरीच बादलीत करायचं. पीओपी अर्थातच बाद. मग उरतात तीन पर्याय: शाडू, लाल माती आणि कागदाचा लगदा. दुकानात तिन्हींवर ‘इको-फ्रेंडली’ची चिठ्ठी असते, पण बादलीत आणि कॅमेऱ्यात तिन्ही अगदी वेगळ्या वागतात.

कागदी लगद्याचा निकाल आधी लावू. वजनाला हलकी, पडली तरी सहसा फुटत नाही, नक्षी बरी येते. परगावी न्यायची असेल तर मोह होतो. पण लगदा पाण्यात मातीसारखा खाली बसत नाही, त्याचे तंतू पाण्यात तरंगत राहतात, कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू खातात. शिवाय छापील रद्दीतली शाई असतेच. कागदी मूर्तींना उत्तेजन देणाऱ्या राज्याच्या निर्णयाला हरित लवादाने 2016 मध्ये स्थगिती दिली, ती याच काळजीपोटी. घरच्या बादलीत तो चिकट काला होतो आणि तो टाकायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. मी तरी घेणार नाही.

खरी चुरस शाडू आणि लाल मातीत आहे.

शाडू बारीक पोताचा, त्यामुळे बोटं, सोंडेच्या वळ्या, मुकुटाची नक्षी धारदार उठते. तो जड असतो, बारा इंचांची मूर्ती चार-पाच किलो सहज भरते. तेवढ्याच उंचीची मूर्ती एका हाताने सहज उचलली गेली, तर शंका घ्या. मूर्तिकाराला विचारून तळाच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका आणि बोटाने चोळा. शाडू असेल तर बोटाला राखाडी चिखल लागतो. पीओपी ओलं होतं, पण चिखल होत नाही.

लाल मातीचा पोत जाडसर, म्हणून चेहरा साधा, गोलसर येतो. मूर्ती कुंडीत बसवलेली असते आणि विसर्जन म्हणजे तिच्यावर रोज थोडं पाणी घालायचं. माती तिथल्या तिथे उतरते, पोटात बी असेल तर पुढे रोप येतं. अडचण अशी की भाद्रपदातल्या दमट हवेत, ओल्या हाराखाली, ते बी कधी कधी आरतीच्या दिवसांतच अंकुरतं आणि मूर्तीला तडा जातो. दीड दिवसासाठी ही भीती जवळपास नाही, दहा दिवसांसाठी आहे. बी कुंडीतल्या मातीत वेगळं पेरलेलं असेल तर उत्तम.

विसर्जनानंतर मात्र पारडं उलटं फिरतं. लाल माती कंपोस्टमध्ये मिसळली की कुंडीत खपते. शाडू ही मुळात झाडांना फारशी उपयोगाची माती नव्हे. तिचा थर कुंडीत बसला की पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. शिवाय आपल्याकडचा बराचसा शाडू गुजरातेतून येतो. म्हणून तो झाडात ओतण्यापेक्षा गाळ वाळवून मूर्तिकाराला परत देणं शहाणपणाचं. पुण्यात ‘पुनरावर्तन’ नावाने अशी माती गोळा करण्याचा उपक्रम चालतो. तुमच्याकडे कोणी घेत नसेल, तर लाल मातीचं पारडं आणखी जड होतं.

आता रंग, कारण फोटोची सगळी ओढाताण इथेच होते. चकचकीत सोनेरी, फ्लुरोसंट गुलाबी दुकानात खुलून दिसतात, पण मोबाइलमध्ये त्याच भागांचे पांढरे ठिपके होतात आणि बादलीत वर तेलकट थर येतो. मागच्या बाजूला ओलसर कापूस फिरवून पाहा. गेरू, हळद, खडूसारखे रंग कापसाला लागतात, ऑइल पेंट लागत नाही. उघड आहे, जो रंग कापसाला लागतो तो ओल्या हारालाही लागणार. म्हणून फुलं शिंपडून थेट गळ्यात घालू नका, पाणी निथळू द्या आणि दूर्वांची जुडी देठं पुसूनच वाहा. अभिषेक शेजारी ठेवलेल्या सुपारीवर किंवा देव्हाऱ्यातल्या पितळी गणपतीवर करा.

रंगवलेल्या मूर्तीपेक्षा न रंगवलेली, फक्त डोळे आणि गंध काढलेली मूर्ती फोटोत अधिक चांगली येते, असं माझं मत आहे. मात्र पाठीमागचं कापड जमलं पाहिजे. राखाडी शाडूमागे पांढरा पडदा लावला तर मूर्ती मळकी दिसते. गडद हिरवा किंवा डाळिंबी खण लावला की तीच मूर्ती उजळते. लाल मातीला उलट फिकं कापड किंवा केळीचं पान खुलतं, डाळिंबीमध्ये ती हरवून जाते. सॅटिन टाळा, त्यावर दिव्याचा पट्टा उमटतो. भरजरी पैठणीचंही तेच, पदर मागे लावण्यापेक्षा चौरंगावर अंथरा.

मखरासाठी थर्माकोल राज्यात 2018 पासून बंद आहे, पण त्याच्या जागी आलेला सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम, म्हणजे प्लॅस्टिकच असतो. पुठ्ठा, बांबू आणि कापड यांवर भागतं. आमच्या एका शेजारीण काकू तर मखर करतच नाहीत. सिंधुदुर्ग-गोव्याकडची माटोळी असते ना, तशी छोटी लाकडी चौकट छताच्या हुकाला टांगून नारळ, काकडी, सुपारीचा घोस, रानफळं बांधतात. कोपरा भरतो आणि टाकायला काही उरत नाही. वजन पेलणारा हुक मात्र हवा.

मांडणी अशी करा: चौरंग अशा उंचीवर की जमिनीवर बसल्यावर मूर्तीचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येईल. मागचा पडदा मूर्तीपासून फूटभर लांब, म्हणजे सावली पडद्यावर चिकटत नाही आणि समईपासूनही कापड दूर राहतं. खिडकी मूर्तीच्या बाजूला हवी, पाठीमागे नको. बाजूच्या उजेडातच मातीची वळणं दिसतात, समोरच्या फ्लॅशने ती सपाट होतात. फोटो काढताना पाच-सहा फूट मागे जा, दुप्पट झूम करा, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेड जरा खाली ओढा. संध्याकाळी पिवळा दिवा आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नका, अर्धी मूर्ती निळसर येते. लुकलुकती माळ हवीच असेल तर ती कापडामागे सोडा.

म्हणजे गणपती दीड दिवसाचा आणि गॅलरीत कुंड्या असतील तर लाल माती घ्या, कापड फिकं. पाच-दहा दिवसांचा गणपती, नक्षीची आवड आणि माती परत घेणारा मूर्तिकार असेल तर न रंगवलेला शाडू, मागे गडद खण. शाडूची मूर्ती घेताना ती पूर्ण वाळली आहे ना, हे विचारा. पक्की वाळलेली माती पाणी शोषून भराभर सुटते, आतून ओलसर राहिलेला गोळा बादलीत दिवसेंदिवस तसाच बसतो. बादली मूर्तीपेक्षा चार बोटं उंच घ्या आणि हार, कापसाची वस्त्रं, दागिने आधी उतरवून ठेवा.